कैलासाच्या पायथ्याशी डाळ का शिजत नाही?

भगवान ऋषभदेवांची निर्वाणभूमी अष्टापद ही कैलास पर्वताच्या परिसरात आहे, अशी आपल्या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. २०२० पासून खंडित झालेली कैलास-मानसरोवर यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून अनेक घरांत या यात्रेचे बेत आखले जात आहेत. यात्रेच्या तयारीत उबदार कपडे, औषधे, पारपत्र, पूजेचे साहित्य यांची यादी होते. शिधाही काळजीपूर्वक बांधला जातो. परंतु तोच शिधा, तेच पातेले आणि तोच अनुभवी स्वयंपाकी असूनही समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंचीवर तूरडाळ तासन्‌तास खदखदत राहते आणि शिजत नाही, याची कल्पना बहुतेकांना नसते.

इतर यात्रेकरूंना ही केवळ गैरसोय वाटेल. डाळ रात्री नऊला शिजली तर ते नऊला जेवतील. रात्रिभोजनाचा त्याग केलेल्या श्रावकासाठी मात्र प्रश्न निराळा आहे. सूर्यास्तापर्यंत अन्न तयार झाले नाही, तर त्या दिवशीचे सायंभोजन चुकते. आदल्या रात्री शिजवून ठेवलेले अन्न दुसऱ्या दिवशी घेणेही आपल्या नियमात बसत नाही. विरळ हवेत, थंडीत, दिवसभराच्या श्रमानंतर उपाशी झोपणे वयस्कर यात्रेकरूंना झेपेलच असे नाही. म्हणून या घटनेमागील कारण नीट समजून घेणे आणि त्यानुसार स्वयंपाकाची आखणी करणे हा यात्रेच्या तयारीचाच भाग मानावयास हवा.

पाणी उकळते म्हणजे काय होते?

पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते, असे आपण शाळेत शिकतो. हे विधान अपुरे आहे. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, त्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळते, असे म्हटले म्हणजे ते पूर्ण होते.

पाणी तापू लागले की त्याचे काही कण वाफेच्या रूपाने सुटू पाहतात. या वाफेला स्वतःचा दाब असतो आणि तापमान वाढेल तसा तो वाढत जातो. पातेल्याच्या तळाशी वाफेचा एखादा बुडबुडा निर्माण झाला, तर त्याला आतून फुगवणारा असतो हा वाफेचा दाब, आणि बाहेरून चिरडणारा असतो वातावरणाचा दाब. पाणी पुरेसे तापलेले नसेल तोवर बाहेरचा दाब वरचढ ठरतो आणि बुडबुडा जन्मताच विरतो. वाफेचा दाब बाहेरच्या दाबाच्या बरोबरीला आला, की बुडबुडे टिकू लागतात, मोठे होतात आणि उसळून वर येतात. यालाच आपण उकळी म्हणतो.

आता आपल्या डोक्यावरील हवेचा विचार करू. समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिलो तर संपूर्ण वातावरणाच्या थराचे वजन आपल्यावर असते. जसजसे उंच जावे, तसतशी खालची हवा खाली राहते आणि डोक्यावरील थर पातळ होतो. मानसरोवराच्या काठी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५६ टक्के इतकाच असतो. बाहेरचा विरोध निम्म्याजवळ आल्यामुळे वाफेलाही तेवढ्याच कमी दाबाची गरज उरते आणि तो दाब ८५ अंशांच्या आसपासच तयार होतो. म्हणून तेथे पाणी ८५ अंशांना उकळते.

घरातील मुलांना हे प्रत्यक्ष दाखवता येते. सुई काढलेली, औषध देण्याची मोठी प्लॅस्टिकची पिचकारी घ्यावी. तिच्यात पाव भागाहून कमी कढत पाणी ओढावे. हे पाणी सुमारे ७० अंशांचे, म्हणजे उकळी येण्याच्या बरेच अलीकडचे असावे. आतील हवा काढून टाकावी, तोंड जाड कापडाने झाकून अंगठ्याने घट्ट बंद करावे आणि दट्ट्या जोराने मागे ओढावा. पिचकारीतील दाब एकदम उतरतो आणि खाली विस्तव नसतानाही पाणी उसळून उकळू लागते. दट्ट्या सोडताच उकळी थांबते. पाणी कढत असल्यामुळे हा प्रयोग मोठ्यांनीच करून दाखवावा.

आपल्या तीर्थांची उंची आणि उकळीचे तापमान

साधारण हिशेब असा, की दर ३०० मीटर चढाईमागे उकळीचे तापमान जवळजवळ एक अंशाने उतरते. मुंबईत ते १०० अंश आहे. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात ते ९८ अंश असते, म्हणजे आपण रोज जो वरणभात खातो तोही १०० अंशांना शिजलेला नसतो. श्रीसम्मेदशिखरजीचा डोंगर १,३६५ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावर पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळेल. तेथवर स्वयंपाकात फारसा फरक जाणवत नाही. थोडा वेळ अधिक लागतो, इतकेच.

फरक जाणवू लागतो तो हिमालयात. सुमारे ३,१०० मीटर उंचीवरील बद्रीनाथला उकळीचे तापमान ९० अंशांवर येते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, तेथे ते ८८ अंश. कैलासाच्या पायथ्याचे दारचेन हे गाव ४,६०० मीटरच्या आसपास आहे, तेथे ८५ अंश. परिक्रमेतील सर्वांत उंच स्थान म्हणजे सुमारे ५,६३० मीटरवरील डोल्मा खिंड. तेथे पाणी ८१ अंशांना उकळते. हवामान बदलले की हवेचा दाब थोडा वरखाली होतो, त्यामुळे या आकड्यांतही किंचित फरक पडतो.

उंची आणि उकळी यांचे हे नाते इतके भरवशाचे आहे की एकेकाळी त्याचा उपयोग पर्वत मोजण्यासाठी होत असे. कुमाऊंचे पंडित नैनसिंह रावत हे सर्वेक्षण विभागाच्या वतीने १८६५-६६ मध्ये वेष पालटून तिबेटात गेले. त्यांच्याजवळ जपमाळ होती. तिचे मणी मात्र १०८ ऐवजी १०० होते, कारण ती पावले मोजण्यासाठी होती. ल्हासा शहराची उंची त्यांनी पाणी उकळून आणि त्याचे तापमान तापमापकाने पाहून ठरवली. परतीच्या वाटेवर ते मानसरोवराच्या प्रदेशातूनच भारतात आले. उंची माहीत असेल तर उकळीचे तापमान सांगता येते, आणि उकळीचे तापमान मोजले तर उंची सांगता येते, असा हा दुहेरी मार्ग आहे.

विस्तव वाढवून उपयोग का होत नाही?

मार्च १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत ओलांडत होता. पोर्तियो खिंडीजवळच्या मुक्कामात त्याच्या दोन सोबत्यांनी बटाटे उकळत ठेवले. काही तास उलटले तरी ते कठीणच राहिले. रात्रभर भांडे विस्तवावर होते, सकाळी पुन्हा उकळी आणली, तरीही तेच. दोघांनी आपसांत निष्कर्ष काढला की भांडे नवे आहे आणि त्याला बटाटे शिजवायचेच नाहीत! बटाटा आपल्या स्वयंपाकघरात येत नाही. पण त्याच्या जागी तूरडाळ किंवा हरभरे ठेवले तरी गोष्ट जशीच्या तशी लागू पडते.

आपलीही पहिली प्रतिक्रिया त्या सोबत्यांहून वेगळी नसते. डाळ शिजत नाही असे दिसले की आपण आच मोठी करतो. पाणी अधिक जोराने खदखदू लागते आणि आता काम होईल असे वाटते. परंतु एकदा उकळी फुटली की पाण्याचे तापमान तेथेच स्थिर होते. त्यापुढे दिलेली सर्व उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. मंद उकळी आणि धो धो उकळी यांत वाफेच्या प्रमाणाचा फरक असतो, तापमानाचा नसतो. दारचेनला आच कितीही मोठी केली तरी उघड्या पातेल्यातील डाळीला ८५ अंशांच्या वर उष्णता मिळत नाही. इंधन मात्र भराभर संपते आणि पाणी आटून डाळ तळाला लागते.

मीठ घातल्याने पाणी अधिक तापते, हे ऐकीव ज्ञानही येथे कामी येत नाही. उकळीचे तापमान एक अंशाने वाढवायचे तर लिटरभर पाण्यात सुमारे ५८ ग्रॅम मीठ घालावे लागेल. अशी डाळ तोंडात घालवणार नाही. झाकणावर दगड ठेवण्याचा उपायही फारसा फळत नाही. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर १० किलोचा दगड ठेवला आणि वाफ कोठूनही निसटली नाही असे मानले, तरी तापमान जेमतेम एक-दीड अंशाने वाढते. झाकणामुळे वाफ आणि इंधन वाचते, हा लाभ खरा आहे.

मग भात शिजतो आणि डाळ का अडते? धान्य शिजताना आत दोन कामे होतात. पहिले काम पिष्टाचे आहे. दाण्यातील पिष्ट पाणी शोषून फुगते आणि मऊ होते. तांदळात हे काम साधारण ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान होते. त्यामुळे ८५ अंशांतही भात होतो, फक्त सावकाश. दुसरे काम दाण्याच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या पेक्टिन या पदार्थाचे आहे. तो विरघळला तरच डाळ फुटून एकजीव होते. पेक्टिन विरघळण्यास चढे तापमान लागते आणि ९० अंशांच्या खाली ते काम अतिशय मंदावते. म्हणूनच उंचीवर डाळ बाहेरून ओली आणि फुगलेली दिसते, पण डाळ वेगळी आणि पाणी वेगळे राहते. चिमटीत दाणा दाबून पाहावा. मध्यभागी पांढरी, टणक कणी लागली तर डाळ कच्ची आहे असे समजावे.

राजम्याबाबत तर हा केवळ चवीचा प्रश्न नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. १०० अंशांच्या जोमदार उकळीत ते दहा मिनिटांत नष्ट होते, परंतु ८० अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवले तरी त्याचा नाश होईलच असे नाही. अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या आणि पोटदुखी होते. उंच मुक्कामावर कुकरशिवाय राजमा करूच नये.

कुकर काय करतो आणि काय करू शकत नाही

या अडचणीवरचा खरा उपाय प्रत्येक मराठी घरात आहे, तो म्हणजे प्रेशर कुकर. त्याच्या वाफेचे छिद्र इतके लहान असते की मूठभर वजनाची शिट्टीही ते दाबून धरते. वाफ आत कोंडते, दाब वाढतो आणि त्याबरोबर उकळीचे तापमान वाढते. पुण्यात कुकरमधील पाणी सुमारे ११९ अंशांपर्यंत तापते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. शिट्टीचे वजन आतला एकूण दाब ठरवत नाही. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती अधिक असावा, एवढेच ते ठरवते. ही वाढ सर्वत्र सारखीच, साधारण समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाइतकी असते. पुण्यात ती जवळजवळ पूर्ण वातावरणाच्या दाबावर चढते, दारचेनला निम्म्याहून थोड्या अधिक दाबावर. त्यामुळे दारचेनला कुकरची शिट्टी होते तेव्हा आतील तापमान ११३ अंशांच्या आसपास असते. उघड्या पातेल्यातील ८५ अंशांच्या मानाने ही प्रगती मोठी आहे, तरी घरच्या कुकरपेक्षा सहा अंश कमीच.

स्वयंपाकात असा ठोकताळा मानला जातो की तापमान दहा अंशांनी उतरले की शिजण्यास सुमारे दुप्पट वेळ लागतो. त्या हिशेबाने सहा अंशांच्या उतारासाठी दीडपट वेळ धरावा. घरी पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर १२ मिनिटांत होणाऱ्या तूरडाळीला तेथे १८ ते २० मिनिटे द्यावीत. शिट्ट्या मोजण्याची सवय मात्र तेथे सोडावी. शिट्ट्यांची संख्या आचेवर अवलंबून असते आणि तेथील प्रत्येक शिट्टी घरच्यापेक्षा कमी तापमानाला होते, त्यामुळे घरच्या चार शिट्ट्या तेथे पुरत नाहीत. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून घड्याळाकडे पाहावे. शिट्टीवर आणखी वजन ठेवून दाब वाढवण्याचा मोह कोणीही करू नये. कुकरची घडण ठरावीक दाबासाठीच असते आणि तसे करणे जिवावर बेतू शकते.

दारचेनच्या एका संध्याकाळचा हिशेब

समजा, दहा जणांचा संघ जून महिन्यात दारचेनला पोहोचला आहे. तेथील घड्याळे बीजिंगच्या वेळेनुसार चालतात. भारतीय वेळेपेक्षा ती अडीच तास पुढे असल्यामुळे घड्याळात सूर्यास्त रात्री साडेनऊच्या सुमारास होतो. ‘रात्रीचे आठ’ हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. आपला नियम घड्याळाला नव्हे, सूर्याला बांधलेला आहे. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी भोजन आटोपावे असे धरले, तर पावणेनऊपर्यंत उठायला हवे. भोवती डोंगर असल्याने थोडा वेळ हाताशी ठेवून आठ वाजता पाने वाढावीत.

बेत साधा आहे: अर्धा किलो मूगडाळीचे वरण आणि पाऊण किलो तांदळाचा भात. सोबत एकच पाच लिटरचा कुकर आहे. डाळ आणि तांदूळ दोन्ही दुपारीच निवडून, धुऊन कोमट पाण्यात भिजत घालावेत. दोन-तीन तास भिजलेल्या दाण्यात पाणी आधीच मध्यापर्यंत पोहोचलेले असते, त्यामुळे चुलीवरचा वेळ बराच वाचतो. डाळीत दोन लिटर पाणी घालावे. डाळ फेसाळते, म्हणून कुकर निम्म्याच्या वर भरू नये, नाही तर साल किंवा फेस छिद्रात अडकतो.

तेथील पाणी बर्फासारखे थंड असते आणि वारा आचेची उष्णता पळवतो. म्हणून पहिली शिट्टी व्हायला सुमारे २५ मिनिटे लागतील असे धरावे. चुलीला पत्र्याचा आडोसा करावा. त्यानंतर मंद आचेवर १२ मिनिटे, आणि आच बंद केल्यावर वाफ आपोआप जिरेपर्यंत १५ मिनिटे. या शेवटच्या वेळातही डाळ शिजतच असते, म्हणून घाईने वाफ सोडू नये. डाळीला असा सुमारे एक तास लागला. ती काढून त्याच कुकरमध्ये भात लावला, की त्याला सर्व मिळून पाऊण तास. फोडणी आणि वरणाची एक उकळी यांसाठी पंधरा मिनिटे. एकूण दोन तास, म्हणजे सहा वाजता चूल पेटायला हवी.

कुकर नसता तर काय झाले असते, तेही पाहू. पुण्यात उघड्या पातेल्यात तासाभरात शिजणाऱ्या तूरडाळीला ८५ अंशांत वरच्या ठोकताळ्यानेच अडीच तास लागतात. पेक्टिनच्या अडवणुकीमुळे प्रत्यक्षात त्याहूनही अधिक वेळ जातो. पाणी तापण्याचा वेळ मिळवला तर चूल साडेचारपूर्वीच पेटवावी लागली असती, आणि त्या वेळी संघाची गाडी कदाचित अजून वाटेतच असेल. डाळीची निवडही येथे महत्त्वाची ठरते. सालकाढी मूगडाळ पातळ आणि लवकर शिजणारी आहे. ती पातेल्यातही तासा-सव्वातासात होते. तूरडाळ कुकरमध्येच करावी. अख्खे हरभरे, वाटाणे, राजमा घरी ठेवूनच निघावे.

आणखी दोन गोष्टी उपयोगी पडतात. चिंच, आमसूल, टोमॅटो असे आंबट पदार्थ डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावेत, कारण आंबटपणा पेक्टिनला घट्ट धरून ठेवतो. उलट चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर डाळ लवकर फुटते. सोड्याने काही जीवनसत्त्व नष्ट होते आणि अधिक झाला तर चव बिघडते, म्हणून प्रमाण चिमटीपुरतेच ठेवावे.

पिण्याचे पाणी: ८५ अंशांची उकळी पुरेशी आहे का?

आपल्या घरांत पाणी गाळून आणि उकळून पिण्याची परंपरा आहे. तीन उकाळ्या आलेले पाणीच वापरणारी अनेक कुटुंबे आहेत. पाणी पुरेसे तापलेच नाही तर ते निर्धोक कसे मानायचे, असा प्रश्न उंचीवर गेल्यावर साहजिकच पडतो.

आरोग्याच्या दृष्टीने उत्तर दिलासा देणारे आहे. दुधाच्या पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर केवळ १५ सेकंद ठेवले जाते आणि तेवढ्यात रोगकारक जंतू मरतात. डोल्मा खिंडीतील ८१ अंशांची उकळीही त्याच्या वरच आहे. तरीही खबरदारी म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला असा आहे, की सुमारे २,००० मीटरच्या वर पाणी उसळत्या उकळीत तीन मिनिटे ठेवावे. सपाटीवर एक मिनिट पुरते.

मात्र उकळी खरी आहे याची खात्री करावी. पाणी ५०-६० अंशांना आले की पातेल्याच्या तळाशी आणि कडेला बारीक बुडबुडे दिसू लागतात. ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते, उकळी नव्हे. तळापासून मोठे बुडबुडे सतत उसळून पृष्ठभाग ढवळू लागला म्हणजे उकळी आली. तेथून तीन मिनिटे मोजावीत. पाणी आधी गाळून घ्यावे, कारण उकळण्याने गाळ जात नाही. धर्मदृष्ट्या हे पाणी प्रासुक मानावे की नाही, याचा निर्णय आपल्या गुरुमहाराजांकडून यात्रेला निघण्यापूर्वीच घ्यावा.

उकळीवर न विसंबणारे अन्न

उंचीची ही अडचण फक्त पाण्यात शिजणाऱ्या अन्नाची आहे. कोरडा तवा किंवा कढईतील तेल यांच्या तापमानाला पाण्याच्या उकळीची मर्यादा नाही. तवा दारचेनलाही पुण्याइतकाच तापतो, म्हणून भाकरी, पोळी, दशमी तेथे नेहमीसारखी होते. घरून नेलेला खाकरा तर शिजवावाच लागत नाही. रवा घरीच खमंग भाजून नेला तर उपमा वा शिरा दहा-पंधरा मिनिटांत होतो, कारण रव्याच्या बारीक कणात पाणी झटकन शिरते. चहाला मात्र कमी तापमानात रंग आणि चव उतरायला वेळ लागतो, म्हणून तो थोडा अधिक उकळावा.

तिबेटी लोकांनी हा प्रश्न शतकानुशतकांपूर्वी सोडवला आहे. त्यांचे मुख्य अन्न त्साम्पा हे भाजलेल्या जवाचे पीठ आहे. जव तापलेल्या वाळूत भाजतात. वाळूला उकळीची मर्यादा नसल्याने दाणा तेथेच पुरता शिजून फुलतो, मग तो दळतात. खाताना पीठ चहात कालवून त्याचा गोळा केला की झाले. पातेले, उकळी, इंधन, काहीच लागत नाही. आपले सातूचे पीठ आणि मेतकूट याच जातकुळीचे आहेत. घरातील मर्यादेच्या नियमानुसार पिठाचे दिवस मोजून, सातूचे पीठ आणि गूळ यांची एक पिशवी प्रत्येक यात्रेकरूने स्वतःजवळ ठेवावी. वाटेत गाडी अडली, पाऊस लागला, चूल पेटलीच नाही, तरी सूर्य मावळण्यापूर्वी पाच मिनिटांत त्याचे भोजन होऊ शकेल.